ओला, सुका आणि दंडाची नोटीस



बारामतीतील एका गृहनिर्माण संस्थेच्या सूचना फलकावर नुकतीच एक नोटीस लागली. तिचा मजकूर थोडक्यात असा : ‘सर्व सभासदांना कळविण्यात येते की, पुढील महिन्याच्या एक तारखेपासून ओला व सुका कचरा एकत्र देणाऱ्या सदनिकाधारकास दररोज रुपये दोनशे दंड आकारण्यात येईल. दंडाची रक्कम देखभाल खर्चाच्या बिलात जोडली जाईल. – सचिव.’ तशाच आशयाची नोटीस इंदापूरच्या एका इमारतीतही लागल्याचे तेथील एका स्नेह्यांनी कळविले आणि विचारले, “सचिवांना असा दंड करता येतो का? आणि करता येत असेल, तर तो भरावाच लागतो का?”

प्रश्न दोनशे रुपयांचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. एकाच जिन्याने रोज ये-जा करणाऱ्या पन्नास कुटुंबांत एकाने दुसऱ्याच्या बादलीत डोकावायचे, दोष ठरवायचा आणि पैसे वसूल करायचे, असा हा मामला आहे. तो नीट बांधला नाही तर कचरा एकत्रच राहतो आणि माणसे मात्र वेगळी होतात. म्हणून ही नोटीस आपण एखाद्या करारपत्रासारखी, शब्दन् शब्द तपासून वाचू.

प्रथम ‘ओला व सुका’ हे शब्द पाहू. नोटिशीत दोनच प्रकार आहेत आणि पहिली उणीव तेथेच आहे. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी घरातच तीन भाग करण्यास सांगितले होते : कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत हे भाग चार झाले आहेत : ओला, सुका, स्वच्छताविषयक आणि विशेष काळजीचा. स्वच्छताविषयक म्हणजे डायपर, सॅनिटरी पॅड वगैरे. विशेष काळजीचा म्हणजे जुनी औषधे, बल्ब, रंगाचे डबे, पाऱ्याचा तापमापक यांसारख्या वस्तू.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. आजारी वृद्ध किंवा तान्हे मूल असलेल्या घरात रोज डायपर निघतात. ते ओल्या बादलीत टाकले तर खत बिघडते. सुक्या बादलीत टाकले तर रद्दी, पुठ्ठा आणि बाटल्या निवडणाऱ्या माणसाच्या हाताला घाण लागते. दोनच बादल्या सांगणाऱ्या नोटिशीने अशा घराला दोन्ही बाजूंनी दोषी ठरविले आहे. पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेने यासाठी ‘लाल ठिपका’ ही साधी पद्धत रुजविण्याचा प्रयत्न केला. वापरलेले पॅड किंवा डायपर जुन्या वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळायचे आणि वरून लाल ठिपका काढायचा. निवडणाऱ्याला पुडके न उघडताच आत काय आहे ते कळते. आपल्या नोटिशीत ही एक ओळ वाढविली, तर निम्मे वाद सुरू होण्यापूर्वीच मिटतील.

आता मिश्रणाने नेमके काय बिघडते ते पाहू. व्यापारी घरांना हे समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. दुकानातील कोरडा पुठ्ठा रद्दीवाला वजन करून घेतो, पैसे देतो. त्याच पुठ्ठ्यावर आमटी सांडली, तर तो फुकटही उचलत नाही. माल तोच, फक्त भिजला. ओल्या कचऱ्याचेही तसेच आहे. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न यांचे काही आठवड्यांत खत होते. पण त्यात प्लास्टिकच्या पिशव्या मिसळल्या की आतला माल हवेवाचून सडतो, दुर्गंधी सुटते आणि शेवटी तयार झालेल्या खतात प्लास्टिकच्या चिंध्या राहतात. असे खत शेतकरी शेतात घालत नाही. एकत्र झालेला कचरा नंतर वेगळा करता येतो हा समज चुकीचा आहे. हाताने निवडला तरी भिजलेला कागद पुन्हा कोरडा माल होत नाही. वेगळेपणा टिकविण्याची जागा एकच आहे, ती म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने हेच ओळखून घराघरांतून वर्गीकरण केलेला कचरा घेण्याचा आग्रह धरला. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस, सुक्याची अनेक प्रकारांत निवड, आणि जेथे पूर्वी नाक दाबून जावे लागे त्या कचराभूमीवर लोक फिरायला जाऊ लागले. वेंगुर्ले हे बारामतीहून लहान गाव. तेथे मोठी यंत्रे आली म्हणून हे घडले नाही. दारात येणारा माल वेगवेगळा होता म्हणून घडले.

तेव्हा नोटिशीचा हेतू योग्यच आहे. प्रश्न उरतो तो अधिकाराचा आणि रीतीचा.

येथे दोन दंड आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. एक दंड नगरपरिषदेचा. घनकचरा नियमांनी स्थानिक संस्थांना उपविधी करून जागेवर दंड आकारण्याचा अधिकार दिला आहे. तो दंड नगरपरिषदेचा अधिकृत कर्मचारी करतो आणि नगरपरिषदेची पावती देतो. दुसरा दंड संस्थेचा. तो सभासदाने संस्थेच्या उपविधीचा भंग केला म्हणून असतो. संस्थेच्या सचिवांना नगरपरिषदेच्या नावाने एक रुपयाही घेता येत नाही. नोटिशीत ‘शासनाच्या नियमानुसार दंड’ असे मोघम लिहिले असेल, तर कोणता दंड, कोणाचा आणि पावती कोणाची, हे विचारणे सभासदाचा हक्क आहे.

संस्थेच्या दंडाची रीत महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधीत दिलेली आहे. तिचे सार असे की, कोणत्या भंगास किती दंड हे सचिव किंवा समिती ठरवीत नाही, सर्वसाधारण सभा ठरविते. दर ठरल्यावरही थेट वसुली नाही. प्रथम समितीच्या सूचनेवरून सचिव त्या सभासदाला त्याचा भंग लक्षात आणून देतो. तरीही भंग चालूच राहिला तर कारणे दाखवा नोटीस द्यावयाची, त्याचे म्हणणे ऐकावयाचे आणि मगच दंडाचा निर्णय. शिवाय एका आर्थिक वर्षात एका सभासदावर पाच हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. आपल्या संस्थेने कोणत्या वर्षाचे उपविधी स्वीकारले आहेत, ते कार्यालयातून प्रत घेऊन पाहावे. एक सावधगिरी मात्र हवी. पुष्कळ इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदलेल्या असतात. त्यांना सहकारी संस्थेचे उपविधी लागू होत नाहीत. त्यांच्या घोषणापत्राबरोबर नोंदलेले उपविधी पाहावे लागतात. ‘सोसायटी’ म्हणण्याची सवय दोन्हीकडे सारखीच असल्यामुळे हा घोटाळा वारंवार होतो.

आता वर दिलेल्या नोटिशीला हा गज लावू. ‘दररोज रुपये दोनशे’ असे तीत म्हटले आहे. पाच हजारांना दोनशेने भागले की पंचवीस येतात. म्हणजे एखाद्याने हट्टाने एकत्रच कचरा दिला, तर पंचविसाव्या दिवशी सचिवांचे शस्त्र संपले आणि उरलेले अकरा महिने तो सभासद मोकळा. शिवाय प्रत्येक आकारणीपूर्वी म्हणणे ऐकावयाचे असल्याने रोजचा दंड व्यवहारात चालविताच येत नाही. जो दंड करता येत नाही, त्याची धमकी देऊ नये. पहिल्याच सजग सभासदाने हरकत घेतली की समितीला माघार घ्यावी लागते, आणि मग पुढची रास्त नोटीसही कोणी मनावर घेत नाही.

हेच काम रीतसर कसे करता येईल, त्याचे एक उदाहरण मांडतो. समजा, अठ्ठेचाळीस सदनिका आणि तळमजल्यावर सहा गाळे, असे एकूण चौपन्न सभासद आहेत. घरटी चार माणसे आणि माणशी दिवसाला साडेतीनशे ग्रॅम कचरा धरला, तर सदनिकांचा रोजचा कचरा सदुसष्ट किलोच्या आसपास होतो. हा आकडा काढण्याचे कारण असे की, रोज शंभर किलो किंवा अधिक कचरा निर्माण करणारी संस्था ‘मोठी कचरा उत्पादक’ ठरते आणि ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारात जिरविण्याची जबाबदारी तिच्यावर येते. आपली संस्था त्याखाली आहे. पण एखाद्या गाळ्यात भोजनालय सुरू झाले तर ती रेषा सहज ओलांडली जाईल. म्हणून आठवडाभर प्रत्यक्ष वजन करून नोंद ठेवणे हे पहिले काम.

दुसरे काम सभेचे. वार्षिक सभेला चौदा पूर्ण दिवसांची सूचना लागते, परंतु विशेष सर्वसाधारण सभेला पाच पूर्ण दिवस पुरतात. सात तारखेला सूचना दिली, तर सूचनेचा व सभेचा दिवस वगळून आठ ते बारा हे पाच दिवस झाले. तेरा तारखेला सभा घेता येते. गणपूर्तीसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी जी संख्या कमी ती लागते. चौपन्नांपैकी वीस पुरेत. म्हणजे पुढील महिन्याच्या एक तारखेपासून अंमल करावयाचा असेल, तरी सभेला वेळ नव्हता असे सांगता येत नाही.

त्या सभेत तीन गोष्टी शब्दांत ठरवाव्यात. पहिली, नियम कोणता : चार प्रकार कोणते, कोणती वस्तू कोठे, आणि ओला कचरा पिशवीत न बांधता उघड्या बादलीतून द्यावयाचा. दुसरी, दर : पहिल्या वेळी केवळ लेखी समज, त्यानंतर ज्या महिन्यात भंग सिद्ध होईल त्या महिन्यासाठी शंभर रुपये, पुन्हा झाल्यास दोनशे. समिती महिन्यातून एकदा बसतेच. त्याच बैठकीत संबंधितांना बोलावून म्हणणे ऐकता येते. तिसरी, पुरावा : कोणी, केव्हा आणि कसा पाहावयाचा.

या तिसऱ्या गोष्टीवरच बहुतेक योजना कोसळतात. जिन्याखाली दोन मोठे पिंप ठेवले आणि सर्वांनी त्यात कचरा टाकला, तर संध्याकाळी पिंपात प्लास्टिक सापडते, पण टाकणारा सापडत नाही. मग संशय नेहमीच्या एक-दोन घरांवर जातो, किंवा दंड सर्वांवर वाटला जातो. नीट वेगळा कचरा देणाऱ्या घरालाही असा दंड बसला, की दुसऱ्या महिन्यापासून तेही घर वेगळे करणे सोडते. ज्यास दंड करावयाचा आहे, त्याची बादली ओळखता आली पाहिजे. म्हणून कचरा दारातूनच घ्यावा, किंवा ठरलेल्या वेळी खाली आणून द्यावा आणि बादलीवर सदनिकेचा क्रमांक असावा. उघड्या बादलीचा नियम येथे दुहेरी उपयोगी पडतो. ओल्यात पिशवी जात नाही आणि कोणाचीही बांधलेली पिशवी सोडून पाहण्याचा अशोभनीय प्रसंग येत नाही.

नोंदवहीत तारीख, सदनिका, काय आढळले एवढेच लिहावे आणि त्याच दिवशी त्या घरी कळवावे. महिनाअखेरीस एकदम अकरा नोंदी पुढे ठेवणे न्याय्य नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तक्रारदाराची भूमिका सफाई करणाऱ्या बाईंवर टाकू नये. त्या ज्या घराविरुद्ध बोलतील, त्याच घरातून त्यांना दिवाळीची बक्षिसी किंवा जुने कपडे मिळत असतात. त्या बोलणार नाहीत, आणि बोलल्या तर त्यांची नोकरी धोक्यात. नोंद समितीतील सदस्याने पाळीपाळीने स्वतः करावी.

भाडेकरूंच्या बाबतीतही स्पष्टता हवी. संस्थेचा संबंध सभासदाशी असतो. म्हणून समज आणि दंड मालकाच्या नावे जाईल. पुण्या-मुंबईस राहून बारामतीत सदनिका भाड्याने देणाऱ्यांनी करारपत्रात वर्गीकरणाचे एक कलम घालावे, म्हणजे ती रक्कम योग्य ठिकाणी पडते. गाळेधारक सभासदांनाही हाच नियम. दुकानातील पुठ्ठा आणि पॅकिंगचे प्लास्टिक सुके असते, पण चहाचे कप, नाश्त्याचे कागद आणि केळीच्या साली त्याच खोक्यात पडतात, आणि दिवसभराचा चांगला माल शेवटच्या पाच मिनिटांत वाया जातो. गल्ल्याजवळ एक लहान वेगळा डबा एवढाच त्यावर उपाय आहे.

सभेत एक आक्षेप हमखास येईल : “आम्ही वेगळा करून काय उपयोग? घंटागाडीत सगळा एकत्रच टाकतात.” हा आक्षेप नेहमीच खोटा असतो असे नाही. तसे घडले तर तारीख, वेळ आणि गाडीचा क्रमांक लिहून नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. पण त्याहून सोपा उपाय संस्थेच्याच हातात आहे. सुका कचरा सडत नाही. दुधाच्या पिशव्या आणि डबे एकदा पाण्याने विसळून निथळून ठेवले, तर त्यांना वासही येत नाही. तेव्हा रोज फक्त ओला कचरा गाडीला द्यावा आणि सुका आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी द्यावा. जो माल त्या दिवशी गाडीत नाहीच, तो मिसळणार कसा? सफाई कामगारांचा रोजचा भारही त्याने हलका होतो.

काही घरांत आणखी एक शंका असते, आणि ती आपल्या परंपरेतून आलेली असल्याने तिचा आदराने विचार केला पाहिजे. ओला कचरा वेगळा साठविला, खताचा खड्डा केला, की त्यात जीवोत्पत्ती होणार. मग हे आपण का करावे? पण विचार करा, कचरा एकत्र करून पिशवीत बांधला तर जीवोत्पत्ती टळते का? उलट ओलावा कोंडला जाऊन ती अधिक होते. फक्त आपल्या नजरेआड होते आणि नंतर ती पिशवी दुसऱ्या कोणाला तरी फाडावी लागते. बादली कोरडी ठेवणे, अन्न उरणार नाही इतकेच शिजविणे, ओला कचरा त्याच दिवशी घराबाहेर देणे आणि खत करावयाचे असल्यास प्रत्येक थरावर कोरडा पालापाचोळा टाकणे, यांनी ती पुष्कळ कमी करता येते. आपला परिसर उसाचा. बारीक केलेले उसाचे पाचट यासाठी उत्तम, आणि ते जवळच मिळते. खताला दुर्गंधी आली की ते जास्त ओले झाले आहे असे समजावे आणि पाचट वाढवावे.

शेवटी हिशेब. जमा झालेला दंड संस्थेच्या पुस्तकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा, पावती द्यावी आणि वार्षिक सभेत त्याचा तपशील मांडावा. परंतु यश त्या रकमेवरून मोजू नये. यश मोजण्याची रीत अशी : महिन्यातून एकदा ओल्या पिंपातील दहा किलो कचरा ताडपत्रीवर पसरावा, त्यातील प्लास्टिक, कागद, धातू वेगळे काढून त्यांचे वजन करावे. अर्धा किलो निघाले तर मिश्रण पाच टक्के. पहिल्या महिन्याचा आकडा फलकावर लावावा, पुढच्या महिन्याचा त्याच्या खाली. आकडा उतरत असेल आणि दंडाचे खाते रिकामे राहत असेल, तर नोटीस कामी आली. आकडा तसाच आणि दंड मात्र वाढत असेल, तर दोष नियमाच्या भाषेत, बादल्यांच्या सोयीत किंवा गाडीच्या वेळेत शोधावा.

इंदापूरच्या स्नेह्यांना मी हेच कळविले : नोटिशीतील दंड आज वसूल करता येणार नाही, कारण त्यामागे सभेचा ठराव नाही. पण केवळ तेवढ्याने कचरा एकत्र देण्याचा परवाना मिळत नाही. वर्गीकरणाचे बंधन संस्थेच्या ठरावाआधीपासून प्रत्येक घरावर आहेच. तेव्हा सचिवांना दोन ओळींचे पत्र द्यावे, विशेष सभा बोलाविण्याची विनंती करावी, आणि सभा होण्याची वाट न पाहता घरात चार डबे ठेवावेत. त्यांचे उत्तर आले आहे. पत्र दिले, सभेची तारीख निघाली, आणि चौथा डबा म्हणून जुन्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा कामी आला. त्यात सध्या मुदत संपलेली औषधे आणि दोन फुटके बल्ब आहेत.